मैदा पहिला, नाचणी चौथी

नाचणीच्या बिस्किटांच्या पुड्यावर समोरच्या बाजूला बहुधा नाचणीचं कणीस असतं, तपकिरी खुसखुशीत बिस्किटं असतात आणि 'नाचणी' हा शब्द सगळ्यात मोठ्या अक्षरांत असतो. पुडा उलटा केला की बारकोडच्या आसपास, कधी शिवणीच्या घडीत, बारीक अक्षरांतली घटकांची यादी सापडते. पुडा घरी न्यायचा की नाही, हे ठरवायला समोरच्या चित्रापेक्षा ही यादी कितीतरी जास्त उपयोगी पडते. अट एवढीच की तिचा क्रम वाचता आला पाहिजे.

हा क्रम उत्पादकाच्या मर्जीवर सोडलेला नाही. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या 2020 च्या लेबलविषयक नियमांनुसार घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. पदार्थ बनवताना ज्याचं वजन सर्वांत जास्त, तो पहिला आणि सर्वांत कमी तो शेवटी. दुसरा नियमही तितकाच कामाचा आहे. एखाद्या घटकाचं नाव किंवा चित्र पुड्यावर ठळकपणे मिरवलं असेल, तर त्याचं प्रमाण टक्क्यांत द्यावं लागतं. फक्त चवीपुरत्या घातलेल्या घटकांना यातून सवलत आहे. म्हणून यादीत बहुतेक नावं नुसती असतात आणि एखाद्याच नावापुढे कंसात आकडा असतो. हा आकडा हाती लागला की बाकीच्या यादीचा बराच उलगडा होतो.

बाजारातल्या पुड्यांवर असते तशी एक नमुना यादी घेऊ. मैदा, साखर, खाद्य वनस्पती तेल (पाम), नाचणीचं पीठ (10%), इन्व्हर्ट सिरप, गव्हाचा कोंडा, दुधातले घन पदार्थ, फुगवणारे पदार्थ, मीठ, ओट्सचं पीठ (0.5%), रंग (आयएनएस 150डी). शेजारच्या पोषणाच्या तक्त्यात 100 ग्रॅममागे स्निग्ध पदार्थ 19 ग्रॅम, वरून घातलेली साखर 22 ग्रॅम आणि सोडियम 350 मिलिग्रॅम असं लिहिलंय. प्रत्यक्ष पुड्यावर हे सगळं बहुतेक वेळा इंग्रजीत असतं. 'रिफाइंड व्हीट फ्लोअर' म्हणजे मैदा आणि 'होल व्हीट फ्लोअर' म्हणजे कोंड्यासकट दळलेली कणीक, एवढं माहीत असलं तरी निम्मं काम होतं.

आता नाचणीपासून सुरुवात करू. ती चौथी आहे आणि 10 टक्के आहे. याचा अर्थ तिच्या आधीचे तिन्ही घटक, मैदा, साखर आणि तेल, प्रत्येकी किमान 10 टक्के असणारच. तिच्यानंतर येणारा कुठलाही घटक 10 टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. एका आकड्याने यादीचे दोन भाग पाडले.

तेलाचं उत्तर तक्त्यात आहे. बिस्किटातले स्निग्ध पदार्थ जवळजवळ सगळे तेलातूनच येतात, दूध आणि पिठातून आलेच तर एखादा ग्रॅम. म्हणजे 19 पैकी सुमारे 18 ग्रॅम तेल. साखर यादीत तेलाच्या आधी आहे, म्हणून ती 18 पेक्षा कमी नाही. वरून घातलेली एकूण साखर 22 ग्रॅम, आणि त्यात पाचव्या क्रमांकावरच्या सिरपातली साखरही धरलेली आहे. तेव्हा साधी साखर 19 च्या आसपास आणि सिरप 4 च्या आसपास असणार. कोंडा, दूध आणि उरलेले किरकोळ घटक मिळून 6-7 टक्के धरले, तर मैद्याच्या वाट्याला चाळीसएक टक्के उरतात. हे आकडे ढोबळ आहेत, कारण क्रम कालवतानाच्या वजनाचा असतो आणि तक्ता तयार बिस्किटाचा; मधे भट्टीत पिठातला ओलावा उडून जातो. तरी दोन-चार टक्के इकडेतिकडे झाले म्हणून चित्र बदलत नाही. हे मैद्याचं, साखरेचं आणि पामतेलाचं बिस्किट आहे. त्यात नाचणी घातलेली आहे.

नाचणीच्या एका भाकरीला साधारण 50 ग्रॅम पीठ लागतं असं धरू. तेवढी नाचणी या बिस्किटांतून पोटात जायची तर अर्धा किलो बिस्किटं खावी लागतील आणि त्यांच्याबरोबर 110 ग्रॅम साखर आणि सुमारे 95 ग्रॅम स्निग्ध पदार्थही खावे लागतील. मुलाच्या हाडांसाठी, कॅल्शियमसाठी म्हणून जी आई विश्वासाने हा पुडा घेते, तिला हा हिशेब दुकानात उभ्या उभ्या करता यायला हवा असं मला फार वाटतं.

यादीतली दुसरी खूण म्हणजे मीठ. खाऊत मीठ साधारण एक-दोन टक्क्यांच्या पुढे जात नाही, नाहीतर तोंडात घालवणार नाही. आपल्या पुड्यापुरतं नेमकं काढायचं तर सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणायचं, कारण मिठात वजनाने सुमारे 40 टक्के सोडियम असतं. 350 गुणिले अडीच म्हणजे 875 मिलिग्रॅम, शंभर ग्रॅमला एक ग्रॅमसुद्धा नाही. खायच्या सोड्यातलं सोडियमही याच आकड्यात मिसळलेलं असतं, म्हणून खरं मीठ याहून थोडं कमीच. मिठानंतर लिहिलेला प्रत्येक घटक मिठापेक्षा कमी आहे, तेव्हा तो एक टक्क्याच्या आतच. पुड्यावर ओट्सचं चित्र असलं तरी ओट्स मिठाच्या मागे आहेत. कंसातला आकडा दिलेला नसता तरीही हे कळलं असतं. 75 ग्रॅमच्या पुड्यात ते पाव-अर्धा ग्रॅम भरतील, चिमूटभर. मध, बदाम, केशर, तुळस, मोरिंगा ही नावं दिसली की ती मिठाच्या अलीकडे आहेत की पलीकडे, एवढं आधी पाहावं. शेवटी लिहिलेला 150डी हा कॅरॅमल रंग आहे. बिस्किटाच्या तपकिरीपणाचं श्रेय सगळंच नाचणीला देता येत नाही.

क्रम खरा असूनही वाचणारा फसू शकतो. याची मुख्य जागा म्हणजे एकच गोष्ट अनेक नावांनी येणं. समजा, ओट्सच्या एका बारवर असं लिहिलंय: ओट्स (22%), साखर, लिक्विड ग्लुकोज, बदाम, मध. पहिलं नाव ओट्सचं, त्यामुळे बरं वाटतं. पण साखर 14, लिक्विड ग्लुकोज 10 आणि मध 5 टक्के असेल, तर गोडाचे घटक मिळून 29 टक्के झाले आणि ओट्सच्या पुढे गेले. नियम मोडलेला नाही. तीन वेगवेगळे घटक तीन वेगवेगळ्या जागी लिहिले आहेत. म्हणून साखर, ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, कॉर्न सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन, गूळ, मध अशी नावं दिसली की त्यांना मनातल्या मनात एका ओळीत बसवावं. माल्टोडेक्स्ट्रिन चवीला फारसं गोड नसतं, पण ते स्टार्चपासून बनतं आणि पोटात लवकर ग्लुकोज होतं, म्हणून मी त्यालाही याच रांगेत धरते.

कंसांकडेही लक्ष द्यायला हवं. 'मल्टिग्रेन मिश्रण 20% (गहू, मका, ओट्स, ज्वारी, नाचणी)' असं लिहिलेलं असतं तेव्हा कंसातली नावंही उतरत्या क्रमानेच असतात. हे 20 टक्के पाच धान्यांत वाटलेले आहेत. शेवटी असलेल्या नाचणीचा वाटा जास्तीत जास्त पाचवा हिस्सा, म्हणजे 4 टक्के, आणि तोही पाचही धान्यं अगदी सारखी असली तरच. शिवाय असा मिश्र घटक एकूण पदार्थाच्या 5 टक्क्यांहून कमी असेल, तर त्यातले अ‍ॅडिटिव्ह सोडून बाकी घटक उघड करण्याची सक्ती नाही. चॉकलेटचे बारीक दाणे किंवा वरून भुरभुरलेला मसाला कधी कधी एकाच नावात उरकलेला दिसतो, तो यामुळे.

क्रम कालवतानाच्या वजनाचा असतो, हे बिस्किटापेक्षा बटाट्याच्या वेफर्समध्ये जास्त जाणवतं. तिथे यादी तीनच शब्दांची: बटाटा, तेल, मीठ. कच्च्या बटाट्यात जवळपास 80 टक्के पाणी असतं. तळताना ते उडून जातं आणि त्या जागी तेल शिरतं. एक किलो वेफर्सना चारएक किलो बटाटे लागतात, त्यामुळे बटाट्याचा पहिला नंबर कधीच हुकत नाही. तयार वेफर्सच्या तक्त्यात मात्र 100 ग्रॅमला 33-35 ग्रॅम स्निग्ध पदार्थ असतात. हातातल्या पाकिटाचा तिसरा हिस्सा तेल आहे, ही गोष्ट नुसत्या क्रमावरून कळणार नाही. तळलेल्या कुठल्याही पदार्थाची यादी वाचून झाली की स्निग्ध पदार्थांचा आकडा पाहावाच लागतो.

चिवड्यात फसगत डोळ्यांची होते. वाटीभर चुरमुरे जेमतेम 15 ग्रॅम भरतात, त्याच वाटीत शेंगदाणे 90 ग्रॅमच्या आसपास. चुरमुऱ्याच्या चिवड्याचं पाकीट पारदर्शक असलं की चुरमुरेच चुरमुरे दिसतात, दाणे मधूनमधून. यादीत मात्र शेंगदाणे चुरमुऱ्यांच्या खालोखाल किंवा चक्क वर असू शकतात, आणि तेल त्यांच्या पाठोपाठ. यात लबाडी नाही. डोळ्यांना दिसते ती जागा, यादी सांगते ते वजन. 'डाएट चिवडा' म्हणून घेताना पोहे पहिले आहेत यावर थांबू नये. दुसरा घटक तेल असेल आणि तक्त्यात स्निग्ध पदार्थ 25 ग्रॅम असतील, तर तो पातळ पोह्यांचा असला काय किंवा भाजक्या पोह्यांचा, त्याचा चौथा हिस्सा स्निग्धच आहे.

ही सगळी पडताळणी छापील यादी असेल तिथेच चालते. 100 चौरस सेंटिमीटरपेक्षा मोठी नसलेल्या पाकिटांना घटकांची यादी छापण्यातून सूट आहे. ती ज्या मोठ्या वेष्टनात दुकानात येतात, त्यावर ती असावी लागते. शाळेबाहेरच्या टपरीवर माळेने टांगलेल्या छोट्या पुड्या घेताना त्या वेष्टनाची पिशवी किंवा खोका दुकानदाराकडे मागून पाहता येतो. सुट्ट्या फरसाणाला यादीच नसते. तिथे तेल कोणतं आणि शेवेत बेसनाबरोबर आणखी कुठलं पीठ मिसळलंय, हे दोन प्रश्न तोंडीच विचारावे लागतात.