ऐकण्यासाठी मागितलेले उत्तर

"ओळींमधील व रोपांमधील अंतर 45 × 5 सें.मी. ठेवावे." सोयाबीनच्या पेरणीवरच्या कुठल्याही पत्रकात असे वाक्य सापडते आणि वाचणाऱ्याला त्यात काही खटकत नाही. हेच वाक्य मोबाइलच्या आवाजाला वाचायला दिले, की गंमत सुरू होते. एखादा आवाज "पंचेचाळीस एक्स पाच" म्हणतो, एखादा मधले चिन्ह गिळून नुसते "पंचेचाळीस पाच" म्हणतो. 'सें.मी.'मधल्या टिंबापाशी आवाज वाक्य संपल्यासारखा थांबतो आणि मग ठसक्यात म्हणतो, "मी". ऐकणाऱ्याने हा 'मी' कोण, याचा शोध घ्यायचा.

मुदखेड–आदिलाबाद रेल्वेमार्गावरच्या भोकर तालुक्यात सोयाबीन आणि कापूस ही खरिपाची मुख्य पिके. इथला शेतकरी आता पेरणी, खत, फवारणी, विमा यांबद्दल फोनवरच्या एआय मदतनिसाला विचारतो आणि उत्तर पुष्कळदा वाचत नाही, ऐकतो. हात मातीने किंवा औषधाने भरलेले असतात, उन्हात पडदा दिसत नाही आणि साठीच्या पुढच्या माणसाला चष्म्याशिवाय अक्षर लागत नाही. ऐकलेले उत्तर कानाला टोचले, की आपण आवाजाला दोष देतो. माझे मत असे, की दहापैकी सात-आठ वेळा दोष आवाजाचा नसतो, मजकुराचा असतो. आणि मजकूर कसा हवा, हे मागणाऱ्याने सांगितलेले नसते.

याचे कारण यंत्रणेच्या बांधणीत आहे. बहुतेक ठिकाणी उत्तर लिहिणारे यंत्र वेगळे आणि ते वाचून दाखवणारे वेगळे असते. लिहिणाऱ्याला आपला मजकूर कोणी पाहणार आहे की ऐकणार आहे, हे आपोआप कळतेच असे नाही. म्हणून ते पडद्यासाठी लिहिते: ठळक शब्दांभोवती चांदण्या, मुद्द्यांपुढे ठिपके, कंसातले आकडे, मध्येच एखादा तक्ता. वाचून दाखवणारे समोर येईल ते वाचते किंवा गाळते. तक्ता वाचला गेला तर कुठला आकडा कुठल्या रकान्यातला, हे ऐकणाऱ्याला कळायचा मार्गच नसतो. "खालीलप्रमाणे" आणि "वर सांगितल्यानुसार" हे शब्दही तसेच निरुपयोगी, कारण कानाला वर आणि खाली नसते.

मजकुराकडे वळण्याआधी एक तपासणी करावी. आपल्या फोनमध्ये मराठी आवाज नसेल, तर देवनागरी दिसल्याबरोबर बहुधा हिंदी आवाज पुढे होतो आणि मराठी मजकूर हिंदीच्या चालीवर वाचतो. हे ओळखायला सोपे आहे. 75 हा आकडा आणि 'काळी जमीन' हे दोन शब्द वाचायला द्या. "पचहत्तर" ऐकू आले किंवा 'ळ'चा 'ल' झाला, तर तो आवाज हिंदीचा. मग फोनच्या सेटिंगमध्ये 'टेक्स्ट-टू-स्पीच' या भागात जाऊन भाषा मराठी करावी आणि मराठी आवाज उतरवून घ्यावा. हे न करता मजकूर कितीही घासूनपुसून घेतला, तरी उपयोग नाही.

आता प्रत्यक्ष उदाहरण. सोयाबीनच्या पेरणीविषयी विचारल्यावर पडद्यासाठी येणारे उत्तर साधारण असे असते: "पेरणी: 75–100 मि.मी. पाऊस झाल्यावर (15/07 पर्यंत). बियाणे: 65 कि.ग्रॅ./हे. (उगवणक्षमता ≥ 70%). अंतर: 45 × 5 सें.मी. खोली: 3–4 सें.मी. वाण: MAUS 71 इ." माहिती नेटकी आहे आणि कृषी विद्यापीठाच्या शिफारशीला धरून आहे. पण मोठ्याने वाचली, की "पंच्याहत्तर शंभर मि मी", "पंधरा भागिले सात", "कि ग्रॅ हे" असा पाढा ऐकू येतो. दोन आकड्यांमधली आडवी रेघ कधी "वजा" होते, कधी नाहीशी होते. आणि "तीन चार सेंटिमीटर"चे "चौतीस" ऐकू आले, तर बी खोल गाडले जाऊन उगवणारच नाही.

हाच मजकूर कानासाठी लिहिला तर असा होईल:

"सोयाबीन पेरायची घाई करू नका. आधी पंच्याहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस होऊ द्या. पंधरा जुलैपर्यंत पेरणी उरकली पाहिजे. घरचं बियाणं असेल तर शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून उगवण तपासा. सत्तर किंवा त्याहून जास्त उगवले, तर बियाणं चांगलं. मग एकरी सव्वीस किलो बी पुरतं. दोन ओळींमध्ये दीड फूट अंतर ठेवा आणि दोन रोपांमध्ये दोन इंच. बी दीड इंचापेक्षा खोल जाऊ देऊ नका. पुन्हा सांगतो, एकरी सव्वीस किलो आणि खोली दीड इंच. मूळ शिफारस हेक्टरी पासष्ट किलोची आहे."

शब्द वाढले आहेत, पण ऐकायला कमी वेळ लागल्यासारखे वाटते. यात झालेला मोठा बदल आकड्यांचा आहे. हेक्टरचा एकर झाला, कारण भोकरच्या बांधावर कोणी हेक्टरात बोलत नाही. पासष्ट किलोला अडीचने भागले की सव्वीस येतात. पंचेचाळीस सेंटिमीटर म्हणजे दीड फूट. असे रूपांतर मागितले, की एक जबाबदारी मात्र येते: यंत्र भागाकार चुकू शकते. म्हणून मी मूळ हेक्टरी आकडाही शेवटी एकदा सांगायला लावतो, म्हणजे बोटांवर हिशेब करून ताळा घेता येतो.

मराठीतल्या अपूर्णांकांकडे तर खास लक्ष द्यावे लागते. 2.5 मि.लि. हे पडद्यावर ठीक. आवाज त्याचे "दोन पॉइंट पाच" किंवा "दोन दशांश पाच" करतो. मराठी माणूस "अडीच" म्हणतो. 1.5 म्हणजे दीड, 1.25 म्हणजे सव्वा, 3.5 म्हणजे साडेतीन. हे शब्द मागितल्याशिवाय सहसा मिळत नाहीत. सोयाबीनचा 2025-26चा हमीभाव ₹5,328 होता. तो "पाच हजार तीनशे अठ्ठावीस रुपये क्विंटल" असा अक्षरी लिहून घेतला, की चिन्ह कुठे वाचायचे याचा घोळ राहत नाही. पण अक्षरी आकड्यांनाही मर्यादा आहेच. सदुसष्ट आणि अडुसष्ट, एकोणसत्तर आणि एकोणसाठ हे ट्रॅक्टरच्या आवाजात सारखेच ऐकू येतात. 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'बावीस'बरोबर 'वीस दोन' हे रूप आणले, तेव्हा केवढी टीका झाली होती! मला ते तेव्हाही फारसे रुचले नव्हते. ऐकण्याच्या कामात मात्र त्यातली सोय दिसते: महत्त्वाचा आकडा एकदा मराठी शब्दाने आणि एकदा सुट्या अंकांनी, "सदुसष्ट, म्हणजे सहा सात", असा सांगायला लावावा. फोन नंबर तर नेहमी सुट्या अंकांतच.

दुसरी गोष्ट शब्दांच्या रूपांची. आपण 'केले, सांगितले, बियाणे' असे लिहितो आणि बोलताना 'केलं, सांगितलं, बियाणं' म्हणतो. मराठीच्या लेखननियमांनीही पात्रांच्या तोंडच्या बोलण्यात अनुस्वाराची रूपे चालतात, एरवी एकारान्त लिहावे, अशी सोय ठेवली आहे. हा लेख डोळ्यांसाठी आहे म्हणून मी 'केले' लिहितो आहे. आवाज मात्र लिहिलेले तेवढेच वाचतो. 'सांगितले'चा ठणठणीत 'ए' उच्चारला, की उत्तर तहसीलमधल्या नोटिशीसारखे वाटते. म्हणून बोलण्यातली रूपे मागावीत. पण आधी तपासून. काही जुने आवाज 'केलं'चे 'केलम्' करतात. आपला आवाज तसा असेल, तर एकारान्त रूपेच बरी.

मग थेट भोकरची बोलीच का मागू नये? "काय करायलास" हे कानाला गोड लागेलच. मी तो नाद सोडायला सांगेन. यंत्राकडून येणारी मराठवाडी बहुधा नाटकातल्या विनोदी गावकऱ्यासारखी निघते, आणि वाचणाऱ्या आवाजाचा हेल पुणेरीच राहतो. त्यापेक्षा भाषा साधी प्रमाण ठेवावी आणि शब्द आपले घालून घ्यावेत. बाजार समितीऐवजी मोंढा, कापसाच्या झाडाऐवजी पऱ्हाटी, शेतातल्या घराऐवजी आखाडा, 'प्रक्षेत्र'ऐवजी शिवार. पाच-सात शब्द आपणच मागणीत लिहून दिले, की पुरते.

"सोप्या मराठीत सांग" एवढ्याने भागत नाही. शब्द सोपे येतात, ठिपके आणि कंस तसेच राहतात. मागणी स्पष्ट हवी. मी वापरतो ती अशी:

"हे उत्तर फोनच्या आवाजाने वाचून ऐकवले जाईल, पडद्यावर कोणी पाहणार नाही. म्हणून मुद्दे, शीर्षके, तक्ते, कंस, चिन्हे आणि इमोजी नकोत. सलग बोलल्यासारखी वाक्ये हवीत. एका वाक्यात एकच गोष्ट, बारा-पंधरा शब्दांत. आकडे मराठी अक्षरांत लिही. दीड, अडीच, सव्वा वापर. मापे एकरात, फुटांत आणि किलोत दे, मूळ हेक्टरी आकडा शेवटी एकदा सांग. संक्षेप पूर्ण लिही. इंग्रजी नावे देवनागरीत लिही. 'केलं, सांगितलं' अशी बोलण्यातली रूपे वापर. सगळे मिळून एका मिनिटात संपू दे आणि महत्त्वाचे आकडे शेवटी पुन्हा सांग."

यातले पहिले वाक्य सर्वांत महत्त्वाचे. पुढचे नियम मोजकेच असतात; ज्या अडचणीसाठी नियम दिलेला नाही, तिथे पहिले वाक्य कामी येते. ज्या साधनात कायमच्या सूचना साठवता येतात, तिथे ही मागणी एकदाच घालून ठेवावी. नाहीतर दोन-चार प्रश्नांनंतर ठिपके परत येतात, आणि "हे ऐकायचे आहे" अशी आठवण पुन्हा करावी लागते.

पारख करायची तर स्वतः करू नये. आपल्याला उत्तर आधीच ठाऊक असते. घरातल्या कोणाला तरी फोनकडे पाठ करून एकदाच ऐकवावे आणि विचारावे: पाऊस किती, एकरी बी किती, खोली किती? तिन्ही सांगता आले तर मजकूर जमला. तो माणूस फोन बघायला वळला, तर कुठे वळला ते लक्षात ठेवावे; तेवढेच वाक्य बदलून घ्यावे.

काही गोष्टी मजकुराने सुटत नाहीत. 'चार' हा आकडा आणि 'चारा' यांतला 'च' वेगळा आहे, पण लिहिताना एकच. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे पाण्याचे भांडे, यांचेही तेच. आवाजाला अंदाजाने ठरवावे लागते आणि तो चुकतो. अडणाऱ्या जागी शब्दच बदलून 'वैरण' किंवा 'दुनिया' म्हणावे. वाणांच्या नावांचे तर विचारू नका. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे MAUS 71 रोमन अक्षरांत राहिले, की इंग्रजीतला 'माउस' होऊन बसते. 'एम ए यू एस एक्काहत्तर' असे लिहून घ्यावे, नाहीतर त्याचे 'समृद्धी' हे दुसरे नाव वापरावे.

कीडनाशकाची मात्रा मात्र ऐकलेल्या उत्तरावरून कधीही घेऊ नका, ते कितीही गोड वाचले गेले तरी. ती बाटलीवरच्या लेबलावरून वाचून घ्या किंवा किसान कॉल सेंटरला 1800-180-1551 या मोफत क्रमांकावर विचारा. तिथे सकाळी 6 ते रात्री 10 या वेळेत मराठीत बोलणारा माणूस भेटतो.