शिकवणी ठरण्याआधीची वीस मिनिटं

दहावीच्या गणिताची शिकवणी घरी घेणाऱ्या बाईंना येणारा पालकांचा पहिला फोन बहुतेक वेळा एकाच वाक्याने सुरू होतो : ‘गणित कच्चं आहे हो त्याचं.’ या वाक्यावरून काहीच ठरवता येत नाही. राज्य मंडळाच्या गणितात बीजगणिताचे 40, भूमितीचे 40 आणि अंतर्गत मूल्यमापनाचे 20 गुण असतात. मुलगा यात नेमका कुठे अडतोय हे न पाहता, फी आणि वेळ जुळली म्हणून त्याला बॅचमध्ये घेतलं, तर बाई दहावीचं शिकवत राहतात आणि तो आठवीतल्याच एखाद्या पायरीवर अडून बसलेला असतो. हे टाळायचं तर दोन साधनं पुरतात : आधी एक छोटा फॉर्म आणि मग वीस मिनिटांचा पहिला कॉल.

फॉर्ममध्ये लिहून सांगता येईल तेवढंच विचारावं. इयत्ता आणि बोर्ड, मराठी माध्यम की सेमी-इंग्रजी, गेल्या दोन चाचण्यांत बीजगणित आणि भूमितीत वेगवेगळे किती गुण पडले, कोणते वार मोकळे आहेत. सेमीच्या मुलाला ‘अवयव पाड’ म्हटलं तर तो गोंधळतो, त्याला ‘फॅक्टर्स’ माहीत असतात. म्हणून माध्यमाचा प्रश्न हवाच. शेवटची आणि सर्वांत मोलाची मागणी म्हणजे तपासलेल्या उत्तरपत्रिकेचे फोटो. गुगल फॉर्ममध्ये फाइल जोडायची तर पालकांना गुगल खात्यात साइन इन करावं लागतं आणि अनेक जण तिथेच थांबतात. त्यामुळे फोटो व्हॉट्सॲपवर मागवणं सोपं पडतं.

फॉर्म पालकांनीच भरावा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. आधार क्रमांक किंवा जन्मतारीख शिकवणीला लागतच नाही, तेव्हा ती मागूच नये.

एक उदाहरण पाहू. समजा, फॉर्ममध्ये भूमितीला 40 पैकी 29 आणि बीजगणिताला 14 गुण आहेत. ‘अभ्यासच करत नाही’ असं आईचं म्हणणं. उत्तरपत्रिकेत मात्र वर्गसमीकरणाचं सूत्र बरोबर लिहिलेलं आहे, अंकगणिती श्रेढीचंही बरोबर आहे. गुण गेलेत ते पुढच्या आकडेमोडीत. म्हणजे पाठांतर झालेलं आहे, अडचण दुसरीकडे कुठेतरी आहे. कॉलवर नेमकं काय तपासायचं, हे बाईंना फोन लावण्याआधीच कळलेलं असतं.

कॉल व्हिडिओवर करावा, म्हणजे वही दिसते. पहिली पाच मिनिटं पालकांची : आधी शिकवणी होती का, ती का सुटली, अपेक्षा काय. पुढची दहा मिनिटं फक्त मुलाशी बोलावं. आई शेजारी बसून उत्तरं देऊ लागली, तर ‘आता थोडा वेळ आम्ही दोघंच बोलतो हं’ असं सरळ सांगावं. मग त्याला एकच गणित द्यावं, x² − 7x + 12 = 0, आणि मोठ्याने बोलत सोडवायला सांगावं. तो म्हणतो, ‘गुणाकार बारा, बेरीज सात… तीन आणि चार,’ आणि (x + 3)(x + 4) लिहितो. ‘आता कंस गुणून बघ’ म्हटल्यावर +7x येतं, तेव्हा तो चपापतो. संख्या त्याला पटकन सुचल्या, चिन्हाकडे लक्ष गेलं नाही आणि ताळा करायची सवय नाही. हे अवयव आठवीत शिकवलेले असतात.

शेवटच्या पाच मिनिटांत दोघांनाही समोर घेऊन हेच सांगायचं : आधी आठ तास आठवीचे अवयव आणि चिन्हं, त्यानंतर एक छोटी चाचणी आणि मग पुढचं ठरवू. फीही इथेच स्पष्ट सांगावी. एका गणितावरून सगळं कळत नाही, हेही सांगून टाकावं. अंक उलटे लिहिणं किंवा साधं वाचन अडणं वारंवार दिसलं, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी तज्ज्ञांकडे करून घ्यायला सुचवावं. त्याचं निदान शिकवणीत होत नाही. परीक्षा महिन्यावर आली असेल आणि पाया आठवीचा असेल, तर पूर्ण अभ्यासक्रमाची हमी देऊ नये. झेपतील ते धडे निवडून तेवढ्यांचीच तयारी करून घ्यावी.

फॉर्म नीट जमलाय का, हे दहा-बारा कॉलनंतर कळतं. बाई कॉलवर अजून बोर्ड आणि वेळ विचारत असतील, तर फॉर्ममध्ये काहीतरी राहिलंय. एखाद्या रकान्याकडे निर्णय घेताना एकदाही पाहिलं नसेल, तर तो काढून टाकावा. लिंक पाठवलेल्यांपैकी बरेच जण फॉर्म भरतच नसतील, तर तो लांबलाय.

कॉल संपल्यावर त्याच संध्याकाळी पालकांना एक संदेश जावा : काय आढळलं, पहिले आठ तास कशाचे, वार-वेळ, फी आणि कधीपर्यंत कळवायचं. दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करावी. तरीही होकार आला नाही, तर उत्तरपत्रिकेचे फोटो पुसून ती वेळ पुढच्या मुलाला द्यावी.