‘पोटदुखी, सीटी’ एवढ्यावर काय दिसणार?

सीटी स्कॅनच्या चिठ्ठीवर पुष्कळदा दोनच गोष्टी असतात: तपासणीचं नाव आणि एखादा शब्द. ‘सीटी अ‍ॅब्डोमेन. पोटदुखी.’ कधी तर नुसतंच ‘रूटीन’. पेशंटला वाटतं, यंत्र पोटातलं सगळं दाखवणारच आहे, मग चिठ्ठीत काय लिहिलंय याला कोण विचारतो? पण पेशंट टेबलावर आडवा होण्याआधीच त्या चिठ्ठीवरून बरंच काही ठरलेलं असतं.

पोटाचा सीटी एकाच प्रकारे काढत नाहीत. मूतखड्याची शंका असेल तर शिरेतून कॉन्ट्रास्ट, म्हणजे रक्तवाहिन्या आणि अवयव उठून दिसावेत म्हणून टोचतात ते औषध, न देता साधा स्कॅन करतात. खडा चित्रात पांढरा दिसतो आणि कॉन्ट्रास्टही पांढरंच, त्यामुळे ते लघवीत उतरलं की खडा झाकला जाऊ शकतो. गळू, गाठ किंवा आतड्याची सूज शोधायची असेल तर कॉन्ट्रास्ट टोचून साधारण ६० ते ७० सेकंदांनी चित्रं घेतात, कारण तोवर ते यकृतात आणि आतड्याच्या भिंतीत नीट पोचलेलं असतं. आणि आतड्याला रक्त नेणारी धमनीच तुंबली असेल अशी भीती असेल, तर त्याच्याही आधी, २५ ते ३५ सेकंदांच्या सुमारास, कॉन्ट्रास्ट धमन्यांत भरलेलं असताना चित्रांचा एक संच घ्यावा लागतो. यातलं काय करायचं हे रेडिओलॉजिस्ट आणि तंत्रज्ञ चिठ्ठी वाचून ठरवतात. क्षण हुकला की तेच चित्र मागाहून काढता येत नाही. पुन्हा कॉन्ट्रास्ट, पुन्हा किरणं.

समजा, ६२ वर्षांचे एक गृहस्थ आहेत. रात्री अकराला अचानक पोटात भयंकर कळ आली, दोन उलट्या झाल्या. पहाटे डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं तर ते मऊ, दाबल्यावर फारसं दुखतही नाही. माणूस मात्र तळमळतोय. नाडी अनियमित आहे. मुलगा सांगतो की हृदयाचे ठोके अनियमित असल्यामुळे त्यांना रक्त पातळ करणारी गोळी चालू होती, ती दात काढायचा म्हणून आठ दिवसांपूर्वी थांबवली आणि पुन्हा सुरू करायची राहून गेली. तपासणाऱ्या डॉक्टरांच्या डोक्यात धोक्याची घंटा वाजते: हृदयात झालेली गुठळी सुटून आतड्याच्या मुख्य धमनीत अडकली असावी. असं झालं तर काही तासांत आतडं मरू लागतं.

हे सगळं डॉक्टरांच्या डोक्यात आहे. चिठ्ठीवर मात्र ‘तीव्र पोटदुखी’ एवढंच उतरलं. सेंटरवर रात्रपाळीचा तंत्रज्ञ नेहमीची पद्धत धरतो. पेशंटला आतडी भरण्यासाठी कॉन्ट्रास्ट घातलेलं पाणी तासभर थोडं थोडं प्यायला देतो, मग सत्तर सेकंदांच्या टप्प्यावर एकदाच स्कॅन करतो. तासभर तर गेलाच, शिवाय प्यायलेल्या पांढऱ्या पाण्यामुळे आतड्याच्या भिंतीला रक्त मिळतंय की नाही हे ओळखणं अवघड झालं. धमनीतली मोठी गुठळी या टप्प्यातही दिसू शकते, पण ‘पोटदुखी’ वाचून शेकडो चित्रं चाळणाऱ्या डोळ्याला लहान गुठळी निसटू शकते.

आता तीच चिठ्ठी अशी असती तर: ‘वय ६२, पुरुष. रात्री ११ पासून अचानक तीव्र पोटदुखी, २ उलट्या. पोट मऊ, तपासणीच्या मानाने वेदना फार जास्त. एट्रियल फिब्रिलेशन, रक्त पातळ करणारं औषध ८ दिवस बंद. पोटाचं ऑपरेशन झालेलं नाही. क्रिएटिनिन १.३. प्रश्न: आतड्याच्या धमनीत गुठळी आहे का? असल्यास आतडं अजून जिवंत दिसतं का? रिपोर्ट लगेच फोनवर.’

लिहायला दोन मिनिटं लागतील. हे वाचणारा रेडिओलॉजिस्ट पाणी पाजण्यात वेळ घालवणार नाही, धमनीचा टप्पा आधी घेईल, मग शिरांचा, आणि पहिली नजर त्या धमनीवर टाकेल. क्रिएटिनिन किडनीची स्थिती सांगतं, म्हणून लिहायचं. पण इतक्या गंभीर शंकेत त्या रिपोर्टसाठी स्कॅन थांबवून ठेवत नाहीत. तेही शंका कळली तरच ठरवता येतं.

या चिठ्ठीत आजाराचं नाव ठामपणे कुठेच नाही. जे दिसलं ते दिसलं म्हणून लिहिलंय आणि अंदाज प्रश्न म्हणून. हा भेद मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण चुकीची माहिती कोऱ्या चिठ्ठीपेक्षाही वाईट. ‘मूतखड्याचं दुखणं’ असं छातीठोक लिहिलं की साधा स्कॅन होतो, किडनीत एक जुना खडा सापडतोही, आणि सगळ्यांचं समाधान होऊन खरं कारण तसंच राहतं. म्हणून काही रेडिओलॉजिस्ट चित्रं आधी कोऱ्या मनाने पाहतात, मग माहिती वाचून पुन्हा पाहतात.

जुन्या इतिहासाचंही असंच. पित्ताशय काढलेल्या बाईच्या सोनोग्राफीत पित्ताशय दिसलं नाही, तर ते आकसलंय की काढलंय हे चिठ्ठीशिवाय कळायला पोटावरचे व्रण शोधावे लागतात. छातीच्या एक्स-रेवर उजव्या फुप्फुसाच्या वरच्या टोकाला सावली असेल, तर ती टीबी नव्याने झाल्याची की बऱ्या झालेल्या टीबीची खूण? ‘२०१२ मध्ये टीबीचा उपचार पूर्ण, आता वजन घट नाही, ताप नाही’ ही ओळ आणि सोबत जुनी फिल्म असेल तर उत्तर बहुधा लगेच मिळतं. नसेल तर थुंकीची तपासणी, पुन्हा स्कॅन आणि महिनाभराची धास्ती.

रिपोर्टच्या तळाशी ‘क्लिनिकली कोरिलेट करावे’ हे वाक्य आपण सगळ्यांनीच वाचलेलं असतं. पुष्कळदा तो कोऱ्या चिठ्ठीचा परतीचा टपाल असतो: तुम्ही प्रश्न विचारला नाहीत, मीही उत्तर दिलं नाही. अर्थात नेमका प्रश्न विचारला की रेडिओलॉजिस्टवरही बंधन येतं. ‘धमनीत गुठळी नाही’ हे नकारार्थी वाक्यही मग त्याने स्पष्ट लिहायला हवं, नुसता ‘इतर अवयव नॉर्मल’ असा साचा पुरत नाही.

ब्रिटनमध्ये किरणांचा वापर करणाऱ्या तपासण्यांसाठी पाठवणाऱ्याने पुरेशी वैद्यकीय माहिती देणं २०१७च्या नियमांनुसार कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडे गरोदर बाईच्या सोनोग्राफीसाठी ‘फॉर्म एफ’वर कारण नोंदवावंच लागतं, पण तो कायदा लिंगनिदान रोखण्यासाठी आहे. बाकी चिठ्ठ्या डॉक्टरांच्या सवयीवर चालतात, आणि पन्नास पेशंटच्या ओपीडीत ती सवय कशी होते हे समजण्यासारखं आहे.

आपल्याकडे चिठ्ठी बहुधा पेशंटच्याच हातात असते. म्हणून दवाखान्यातून निघण्याआधी ती वाचावी आणि डॉक्टरांना विचारावं, ‘यात कशाची शंका आहे ते लिहाल का?’ ऑपरेशनचं वर्ष, चालू आणि बंद केलेल्या गोळ्या, अ‍ॅलर्जी, बाईंच्या बाबतीत शेवटच्या पाळीची तारीख, दुखणारी बाजू उजवी की डावी, हे स्वतःच कागदावर लिहून न्यावं. जुन्या फिल्म्स आणि सीडीही न्याव्यात, नुसता जुना रिपोर्ट नको. सेंटरवर हे सगळं काउंटरवर न देता स्कॅन करणाऱ्याच्या हाती, इंजेक्शन टोचायच्या आधी द्यावं.