आकडा येणार कुठून?
एमआरच्या मुलाखतीतला खरा प्रश्न

औषध कंपनीत मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह, म्हणजे एमआर, म्हणून मुलाखतीला गेलं की तीन प्रश्न हमखास येतात. दिवसाला किती डॉक्टर भेटाल? टार्गेट कसं पूर्ण कराल? आणि मी डॉक्टर आहे असं समजा, हे औषध मला सांगा. बी.फार्म. किंवा बी.एस्सी. होऊन आलेली मुलं या तिन्हींची उत्तरं वेगवेगळी पाठ करून येतात. मुलाखत घेणारा मात्र तिन्ही प्रश्नांतून एकच गोष्ट शोधत असतो: औषधाची विक्री नेमकी कुठे होते, हे या मुलाला किंवा मुलीला कळलंय का? एरिया मॅनेजर म्हणून मी बरीच वर्षं टेबलाच्या त्या बाजूला बसलो आहे. बोलण्यात चटपटीत, पण हे न कळलेले उमेदवार सहा महिन्यांत नोकरी सोडतात, हे मी वारंवार पाहिलं आहे.

उदाहरणासाठी कोल्हापूर हेडक्वार्टर घेऊ आणि औषध घेऊ टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम, रक्तदाबाची रोज एक घ्यायची गोळी. ती बहुतेक सगळ्या मोठ्या कंपन्यांकडे आहे, त्यामुळे स्पर्धाही खरी आणि प्रश्नही खरे.

पहिला प्रश्न डॉक्टरांच्या भेटींचा. ‘सर, मी रोज वीस डॉक्टर भेटेन,’ असं उत्साहाने सांगणारे पुष्कळ असतात. समोरचा मॅनेजर स्वतः फील्डमधून वर आलेला असतो, त्याला लगेच कळतं की या मुलाने एकही ओपीडी बाहेरून पाहिलेली नाही. डॉक्टर सकाळी दहाच्या सुमारास बसतात आणि दुपारी एक-दोनला उठतात. संध्याकाळची ओपीडी सहानंतर. रुग्ण संपल्यावर किंवा मधेच दोन मिनिटं मिळाली तर एमआर आत जातो. काहींनी एमआरसाठी आठवड्यातला वार ठरवून दिलेला असतो. एका दारात सरासरी वीस-पंचवीस मिनिटं थांबावं लागलं, तर दहा डॉक्टरांसाठी निव्वळ थांबण्यातच चार तास जातात. म्हणून बहुतेक कंपन्या दिवसाला दहा ते बारा डॉक्टर आणि चार-पाच मेडिकल दुकानं एवढीच अपेक्षा ठेवतात.

यापुढचं गणित उमेदवाराने स्वतःहून मांडलं, तर मुलाखतीचा रंगच बदलतो. समजा, यादीत दीडशे डॉक्टर आहेत आणि महिन्यात कामाचे दिवस पंचवीस. दिवसाला दहा म्हणजे महिन्याला अडीचशे भेटी. दीडशे जणांना एकेकदा भेटल्यावर शंभर भेटी उरतात. म्हणजे शंभर डॉक्टरांकडे महिन्यातून दुसऱ्यांदा जाता येईल, बाकी पन्नास जणांकडे नाही. मग ते शंभर कोण, हा खरा प्रश्न. रक्तदाबाचे रुग्ण ज्यांच्याकडे जास्त ते फिजिशियन, आणि ज्यांच्याकडे आसपासची चार गावं येतात ते जनरल प्रॅक्टिशनर. राजारामपुरी, शाहूपुरीत एका सकाळी तीन-चार हॉस्पिटलं होतात. इचलकरंजी, कागल सकाळी निघून संध्याकाळी परत. गडहिंग्लजला मुक्काम धरला तर संध्याकाळची ओपीडीही मिळते. टूर प्रोग्रॅम म्हणतात तो हाच. ज्या भागात काम करायचं तिथला नकाशा तोंडपाठ असलेला उमेदवार मला इंग्रजी उत्तम बोलणाऱ्यापेक्षा नेहमीच उजवा वाटला आहे.

दुसरा प्रश्न टार्गेटचा. ‘कठोर मेहनत करेन’ हे त्याचं उत्तर नव्हे. मॅनेजर कागदावर लिहून देतो: महिन्याला ६०० स्ट्रिप, दहा गोळ्यांची एक स्ट्रिप. कशा विकाल? इथे रुग्णापासून सुरुवात करायची. रोज एक गोळी म्हणजे एका रुग्णाला महिन्याला तीन स्ट्रिप. ६०० स्ट्रिपसाठी २०० रुग्ण हवेत. दहा डॉक्टरांनी प्रत्येकी दर महिन्याला चार नवे रुग्ण आपल्या ब्रँडवर सुरू केले, तर पहिल्या महिन्यात ४० रुग्ण, म्हणजे १२० स्ट्रिप. रक्तदाबाचं औषध चालूच राहतं, त्यामुळे दुसऱ्या महिन्यात ८० रुग्ण, तिसऱ्यात १२०, आणि पाचव्या महिन्यात २०० रुग्ण, ६०० स्ट्रिप. इथवर हुशार उमेदवार पोहोचतो.

मग मी विचारायचो, ‘आणि दर महिन्याला चारातला एक रुग्ण सुटला तर?’

रुग्ण सुटतातच. कुणी बरं वाटलं म्हणून गोळी बंद करतं, कुणाला दुकानदार ‘हे संपलंय, हे घ्या, तेच आहे’ म्हणून दुसऱ्या कंपनीची स्ट्रिप देतो. आता हिशेब करून पाहा. पहिल्या महिन्यात ४०. दुसऱ्या महिन्यात त्यातले ३० उरले आणि ४० नवे आले, म्हणजे ७०. तिसऱ्यात साधारण ९२, चौथ्यात १०९, पाचव्यात १२२. आकडा वाढतो, पण वाढ मंदावत जाते आणि १६० च्या अलीकडेच अडकते, कारण १६० रुग्ण झाले की जितके नवे येतात तितकेच, ४०, सुटतात. १६० रुग्ण म्हणजे ४८० स्ट्रिप. याच दहा डॉक्टरांवर, याच गळतीवर, ६०० चं टार्गेट वर्षभर घाम गाळला तरी होणार नाही. मार्ग दोनच: आणखी डॉक्टर जोडायचे किंवा गळती थांबवायची. गळती थांबते ती डॉक्टरच्या केबिनमध्ये नाही, शेजारच्या मेडिकलच्या काउंटरवर. माल तिथे आहे का, कोणत्या डॉक्टरच्या चिठ्ठ्यांवर कोणत्या कंपनीचं औषध जातं, किती जातं, हे दुकानदाराला विचारून लिहून घेणं, याला फील्डमध्ये आरसीपीए म्हणतात. त्यात रुग्णांची नावं लागत नाहीत आणि घ्यायचीही नसतात, फक्त ब्रँड आणि संख्या. ‘डॉक्टर हो म्हणाले, पण लिहितात का, हे कसं कळेल?’ या प्रश्नाचं उत्तर हेच.

याच धाग्यातला पुढचा प्रश्न थोडा फसवा असतो. स्टॉकिस्टकडे महिन्याच्या सुरुवातीला १५० स्ट्रिप होत्या. कंपनीकडून त्याने ६०० घेतल्या. महिनाअखेर त्याच्याकडे ४५० शिल्लक आहेत. टार्गेट किती झालं? बहुतेक जण म्हणतात, शंभर टक्के. कंपनीच्या कागदावर ते खरं आहे, कारण कंपनीकडून स्टॉकिस्टला गेलेला माल, म्हणजे प्रायमरी विक्री, ६०० आहे. पण १५० आणि ६०० मिळून ७५० होतात, त्यातून ४५० वजा केले तर दुकानांत गेल्या फक्त ३०० स्ट्रिप. ही सेकंडरी, आणि बाजार एवढाच. स्टॉकिस्टकडे दीड महिन्याचा माल पडून आहे. पुढच्या महिन्यात तो कशाला मागवेल? महिनाअखेरीला आकडा दाखवण्यासाठी माल भरायचा, मग तो मुदत संपत आली की परत यायचा, आणि ज्या रेपने भरला त्याने तोवर कंपनी बदललेली असायची: या धंद्यातलं हे सर्वांत जुनं दुखणं आहे. त्यासाठी दोष फक्त पोराला देणं मला पटत नाही. ३० तारखेला रात्री फोन करून ‘काहीही कर, आकडा दे’ म्हणणारा मॅनेजरही त्यात तितकाच असतो.

तिसरा भाग औषधाच्या माहितीचा. नव्या उमेदवाराला कंपनी पुढे प्रशिक्षण देतेच, त्यामुळे सगळं यावं अशी अपेक्षा नसते. मुलाखत घेणारा डॉक्टर होऊन बसतो, मान खाली घालून कागदावर काहीतरी लिहीत राहतो आणि मधेच विचारतो:

‘टेल्मिसार्टन माझ्याकडे चार कंपन्यांचं आहे. तुमचं का लिहू?’

‘डॉक्टर, आमचं पूर्णपणे सेफ आहे, काहीच साइड इफेक्ट नाहीत.’

एवढ्या उत्तरावर उमेदवार बाद व्हायला हरकत नाही. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने औषध कंपन्यांसाठी ‘युनिफॉर्म कोड फॉर फार्मास्युटिकल मार्केटिंग प्रॅक्टिसेस’ जाहीर केला. त्यात ‘सेफ’ हा शब्द कोणत्याही अटीविना वापरायचा नाही असं स्पष्ट म्हटलं आहे. नियम बाजूला ठेवला तरी हे उत्तर चूकच आहे. टेल्मिसार्टन गरोदरपणात द्यायचं नसतं, त्याने बाळाला इजा होऊ शकते. रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं, म्हणून मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांत लक्ष ठेवावं लागतं.

नीट तयारी केलेली मुलगी कशी बोलते, ते पाहा. ती म्हणते, ‘डॉक्टर, दिवसातून एकदा द्यायचं, चोवीस तास परिणाम टिकतो. अ‍ॅम्लोडिपिनने ज्यांचे घोटे सुजतात अशा रुग्णांत तुम्हाला याचा विचार करता येईल. ही गोळी दमट हवेत ओलावा ओढते, म्हणून आमची स्ट्रिप दोन्ही बाजूंनी अ‍ॅल्युमिनियमची आहे. पावसाळ्यात रुग्णाने गोळ्या काढून डबीत भरून ठेवू नयेत, एवढं सांगावं.’ डॉक्टर झालेला मॅनेजर तिला अडवतो आणि एखाद्या दुर्मिळ औषधासोबत हे दिलं तर काय होईल, असं विचारतो. ती म्हणते, ‘मला खात्री नाही. आमच्या मेडिकल विभागाकडून लेखी माहिती मागवून शुक्रवारी आणून देते.’ या उत्तराला मी नेहमी पूर्ण गुण दिले. अंदाजाने दिलेलं उत्तर चिठ्ठीवर उतरतं आणि तिथून रुग्णाच्या पोटात जातं.

शेवटी एक नाजूक प्रश्न येतो: ‘डॉक्टर म्हणाले, लिहीन, पण परिषदेचं विमानाचं तिकीट काढून द्या. काय कराल?’ याचं उत्तर नकारच आहे. २०२४ च्या त्याच संहितेने डॉक्टरांना भेटवस्तू आणि प्रवासाची सोय देण्याला मनाई केली आहे, आणि डॉक्टरांच्या आचारसंहितेतही ते बसत नाही. ‘वरिष्ठांना विचारून बघतो’ हे उत्तर मला पळवाट वाटतं. उमेदवाराने सरळ नाही म्हणावं आणि कंपनीचा चेहरा कसा होतो ते पाहावं.

कारण मुलाखत दोन्ही बाजूंनी असते. ‘तुम्हाला काही विचारायचंय का?’ असं म्हटल्यावर बहुतेक मुलं ‘नो सर’ म्हणून उठतात. तसं उठू नका. प्रवासाचा दर आणि मुक्कामाचा भत्ता विचाराच, पण त्याआधी या हेडक्वार्टरची मागच्या तीन महिन्यांची सेकंडरी किती आणि स्टॉकिस्टकडे आज क्लोजिंग किती, ते विचारा. आधीचा रेप का गेला, तेही विचारा. सेकंडरी ३०० असताना टार्गेट ६०० का, याचं कारण जो मॅनेजर समजावून सांगतो, त्याच्या हाताखाली काम शिकता येतं. आकडा सांगायलाच जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडे पगार दोन हजारांनी जास्त असला तरी रुजू होण्याआधी त्या गावच्या स्टॉकिस्टकडे एक चक्कर टाकून या.