०.१ ची न संपणारी शेपटी

पायथनमध्ये हे लिहून पाहा:

```
>>> 0.1 + 0.2
0.30000000000000004
```

शेवटचा ४ आला कुठून? संगणक अपूर्णांक बहुधा ६४ बिटांत ठेवतो: १ बिट धन-ऋण चिन्हाला, ११ घातांकाला, म्हणजे दोनाचा कितवा घात ते सांगायला, आणि ५२ मँटिसाला, म्हणजे प्रत्यक्ष अंकांना. दशमानात १/३ लिहिताना ०.३३३… संपत नाही. द्विमानात तीच गत ०.१ ची. तिथे ००११ हा गट फिरतच राहतो. जागा संपली की तो तोडून जवळच्या संख्येवर आणावा लागतो. म्हणून साठवलेला ०.१ किंचित जास्त भरतो, ०.२ सुद्धा. साठवलेला ०.३ मात्र किंचित कमी असतो आणि बेरीज त्याच्या लगेच पुढच्या संख्येवर जाऊन बसते. साहजिकच `0.1 + 0.2 == 0.3` विचारलं तर उत्तर `False` येतं. दुकानाचा हिशेब रुपयांच्या अपूर्णांकात न ठेवता पूर्ण पैशांत ठेवलेला बरा, तो यामुळेच.