राणीच्या कपाला झाकण का?

‘तो मॅच्युअर आहे का गं? जरा पत्त्यांत बघून सांग ना!’ पर्समध्ये टॅरोचा डेक घेऊन फिरणाऱ्या कोणालाही हा प्रश्न ऑफिसच्या कँटीनमध्ये हमखास विचारला जातो. प्रमोशन, परदेशवारी, फ्लॅटचं लोन हे सगळं त्यानंतर. आणि अशा वेळी समोर क्वीन ऑफ कप्स किंवा किंग ऑफ कप्स पडला, की विचारणारीचा चेहरा खुलतो. कारण या दोन पत्त्यांचा ‘भावनिकदृष्ट्या परिपक्व जोडीदार’ हा अर्थ तिनं आधीच कुठेतरी वाचलेला असतो. झालं, मॅडम हॉल बघायला मोकळ्या! माझं म्हणणं एवढंच, की हॉल बघण्याआधी पत्ता नीट बघा. चित्रात बरंच काही आहे.

आपल्याकडे बहुतेकांच्या हातात जो डेक असतो, तो १९०९ साली लंडनमध्ये निघाला. कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची आणि चित्रं पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीची. गंमत म्हणजे वेट यांनी या दोन पत्त्यांचे जे अर्थ दिले, त्यांत ‘मॅच्युरिटी’ हा शब्दच नाही. त्यांचा किंग म्हणजे व्यापार, कायदा किंवा धर्माच्या क्षेत्रातला जबाबदार, मदतीला तयार असणारा गृहस्थ आणि क्वीन म्हणजे भली, प्रामाणिक बाई. भावना सांभाळण्याचा अर्थ नंतरच्या, मानसशास्त्राकडे झुकलेल्या टॅरोवाचकांनी पुढे आणला. मला तो पटतो, कारण तो चित्रातच दिसतो.

कप्स म्हणजे पाणी आणि पाणी म्हणजे भावना, इतकं लक्षात ठेवलंत तरी पुरे. आता राणी बघा. ती किनाऱ्यावर, रंगीत गोट्यांमध्ये सिंहासन मांडून बसली आहे. समुद्र शांत आहे, पाणी तिच्या पायापाशी आलंय आणि तिच्या झग्याची कडसुद्धा पाण्यात मिसळल्यासारखी दिसते. तिच्या हातात नक्षीदार, मोठा कप आहे आणि त्याला झाकण आहे. इतर कप उघडे, हिचाच बंद. ती त्याच्याकडे एकटक बघते आहे. म्हणजे हिच्यापाशी तुम्ही काही बोललात, तर ते आत जपून ठेवलं जाईल, चार मैत्रिणींच्या ग्रुपवर सांडणार नाही.

राजाचं प्रकरण वेगळं. त्याचं सिंहासन चक्क भर समुद्रात आहे, दगडाच्या चौथऱ्यावर. आजूबाजूला लाटा उसळताहेत, एका बाजूला जहाज, दुसरीकडे उडी मारणारा डॉल्फिन. उजव्या हातात कप, डाव्या हातात राजदंड आणि गळ्यात माशाचं पदक. एवढ्या पाण्यात बसूनही साहेब कोरडेच! आणि मुख्य म्हणजे तो कपाकडे बघतच नाही, त्याची नजर भलतीकडेच आहे. वादळात शांत राहणारा माणूस, असा याचा चांगला अर्थ. राग येतो, पण रागाच्या भरात तो मेसेज पाठवत नाही.

एक सूचना. राजा म्हणजे पुरुष आणि राणी म्हणजे बाई, असं धरून चालू नका. माझ्या ओळखीतल्या दोन अस्सल ‘राजां’पैकी एक आमची एचआरवाली आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. दोन्ही पत्त्यांना एक वाईट बाजू आहे आणि ती दिसण्यासाठी पत्ता उलटा पडावाच लागतो असं नाही. राणी दुसऱ्याच्या मनःस्थितीत इतकी बुडते, की स्वतःचं मत उरत नाही. राजा इतका कोरडा राहतो, की आपल्यालाच कळेनासं होतं, हा शांत आहे की बंद?

माझी एक मैत्रीण, वय २९, आयटीत. दोन वर्षांचं नातं, पुढच्या रविवारी दोन्हीकडच्या आईवडिलांची भेट ठरलेली. तिनं तीन पत्ते काढले. पहिला, तो भावना कशा हाताळतो. दुसरा, मी कशा हाताळते. तिसरा, आमच्या दोघांच्या मध्ये काय आहे. पडले किंग ऑफ कप्स, क्वीन ऑफ कप्स आणि फाइव्ह ऑफ कप्स. पहिल्या दोघांना बघून ती टाळी द्यायलाच निघाली होती. मी म्हटलं, थांब, तिसरा बघ. काळा झगा घातलेला माणूस मान खाली घालून उभा. समोर तीन कप सांडलेत, मागे दोन शाबूत आहेत आणि त्याला ते दिसत नाहीत. दुःख आहे, पण ज्याचं त्याचं.

मी तिला विचारलं, ‘तो शेवटचा कधी डिस्टर्ब झाला होता?’ ती म्हणाली, मार्चमध्ये त्याच्या बाबांना अॅडमिट केलं होतं. सगळं त्यानं एकट्यानं निभावलं, तिला चौथ्या दिवशी सांगितलं. ‘किती मॅच्युअर ना!’ ती म्हणाली. मग मी विचारलं, ‘आणि त्या चार दिवसांत तू काय करत होतीस?’ तर ही त्याच्या ‘ओके’नंतर फुलस्टॉप आहे की नाही, हे बघत बसली होती. आपलं काही चुकलं का, म्हणून दोनदा सॉरीही म्हणाली होती!

मला पत्ते इथे जुळलेले दिसतात. राजा कपाकडे बघत नाही आणि राणी बंद कपाकडे बघून आत काय असेल याचा अंदाज बांधते. दोघांचंही वरवर छान दिसतं. भांडण नाही, आवाज नाही.

शांतपणा आणि बंदपणा यांतला फरक ओळखायला मी एक साधी गोष्ट बघते: माणूस विषयाकडे परत येतो का? खरा राजा लाट उसळलेली असताना गप्प राहील, पण एक-दोन दिवसांत स्वतःहून म्हणेल, ‘त्या दिवशी मी घाबरलो होतो.’ बंद माणसाचा विषय कायमचा बंद होतो. राणीची परीक्षा उलटी. तिला समोरच्याचं दुःख कळतं, पण ती विचारते का, की मनातल्या मनात ठरवून टाकते?

हे ऐकल्यावर मैत्रिणीची फर्माईश आली, ‘अजून एकदा काढूया ना!’ मी डेक पर्समध्ये टाकला. साधा हिशोब आहे. ७८ पत्त्यांतून तीन काढले, तर राजा-राणीपैकी निदान एक तरी येण्याची शक्यता साडेसात टक्क्यांच्या आसपास, म्हणजे साधारण १३ वेळा काढलेत की एकदा. मनासारखा पत्ता पडेपर्यंत काढत बसलात, तर शुक्रवार संध्याकाळपर्यंत प्रत्येकीचा बॉयफ्रेंड किंग ऑफ कप्स निघेल. आणि पत्त्याला तुमचा बॉयफ्रेंड माहीत नसतो. त्याच्याबद्दल काय विचारायचं, एवढं तो सुचवतो.

तिनं त्याच रात्री त्याला विचारलं, मार्चमधले ते चार दिवस कसे गेले. सल्ला नाही, तक्रार नाही, नुसतं विचारलं. आधी नेहमीचंच आलं, ‘ठीक होतं गं, झालं ना आता.’ ती गप्प राहिली, सॉरी म्हणाली नाही. वीसेक मिनिटांनी तो बोलायला लागला. आयसीयूच्या बाहेरच्या खुर्चीवर बसून त्यानं तिचा नंबर तीनदा काढला होता आणि तीनदा फोन खिशात ठेवला होता. रविवारची भेट त्यांनी महिनाभर पुढे ढकलली आहे. आईला काय कारण सांगायचं, हे अजून ठरलेलं नाही.