पानाचा दर काय?

‘नमस्कार, आमच्या मुलाची मुंज आहे. जेवणाचं बघायचंय. पानाचा दर काय?’ रात्री साडेदहाला पुण्यातल्या एका केटररच्या मोबाइलवर आलेला हा मेसेज. तारीख नाही, माणसं किती ते नाही, मेनू नाही. या धंद्यात असे मेसेज रोजचेच. घरच्यांच्या डोक्यात मुंज पक्की असते, त्यामुळे समोरच्यालाही सगळं ठाऊक आहे असं वाटत राहतं.

‘आधी डिटेल्स पाठवा’ एवढं लिहून मोकळं होणं सोपं. पण मग गिऱ्हाईक गप्प होतं, नाहीतर दुसरीकडे फोन लावतं. आकडा फेकणं त्याहून वाईट. साठ पानांना एक आचारी, दोन मदतनीस आणि एक टेम्पो लागतो. सव्वाशे पानांनाही आचारी आणि टेम्पो तेवढेच. तो खर्च साठांत वाटला की पान महाग, सव्वाशेत वाटला की स्वस्त. अंदाजाने सांगितलेला दर पुढे वाढला, की कुरबुर सुरू होते.

या केटररने लिहिलं:

‘नमस्कार ताई, अभिनंदन! मुहूर्त ठरलाय का, की हॉल मिळेल तो दिवस घेणार? पत्रिका साधारण किती घरी जाणार? पंगत की बुफे? गोड एकच ठेवायचं की दोन? कांदा-लसूण चालेल ना? नक्की माहीत नसेल तर अंदाज सांगा, उद्या दर कळवतो.’

यातली खुबी दुसऱ्या प्रश्नात आहे. ‘माणसं किती?’ विचारलं की ‘शंभर-दीडशे’ असं उत्तर येतं, आणि त्या दोन आकड्यांत पाच किलो तांदळाचा फरक असतो. मसालेभाताला किलोमागे दहा माणसं धरतात. घरं मात्र लोक बोटांवर मोजून सांगतात. दिवसाचंही तसंच. मुंजीचे मुहूर्त मोजके, त्यातला रविवार असेल तर चांगला आचारी आधीच कुठेतरी अडकलेला. गोडाचा प्रश्न नुसता चवीचा नाही. श्रीखंड आदल्या दिवशी करून ठेवता येतं, ऐंशी माणसांना आठ ते दहा किलो पुरतं. पुरणपोळी म्हटली की लाटणाऱ्या बायका आणि जादा शेगड्या आल्या. जिलबी गरम वाढायची तर कढई तिथेच मांडावी लागते, आणि काही हॉलवाले ते चालवून घेत नाहीत.

सकाळी उत्तर आलं. पत्रिका पस्तीस घरी, पंगत, श्रीखंड, कांदा-लसूण नको. केटररने घरटी सरासरी अडीच माणसं धरून नव्वद पानांचा दर कळवला आणि पक्का आकडा चार दिवस आधी मागितला. खाली एक ओळ जोडली: ‘फोटोग्राफर, ड्रायव्हर, गुरुजी धरलेत का?’

नव्हते धरले. शिवाय बाहेरगावची बारा माणसं आदल्या संध्याकाळीच उतरणार होती, हेही तेव्हा कळलं. त्यांच्यासाठी पिठलं-भाताची वेगळी ऑर्डर लिहिली गेली.